हॉलमध्ये प्रोजेक्टरवर फिल्म लावायचीय? फाईल, आवाज आणि पेनड्राइव्ह कसं तयार करायचं

आधी आमची फजिती सांगतो, कारण हा सगळा लेख त्यातूनच आलाय. गावातल्या जुन्या विहिरींवर आम्ही बावीस मिनिटांची डॉक्युमेंटरी केली होती, तालुक्याच्या एका हॉलमध्ये शो ठेवला, दीडशे खुर्च्या, प्रोजेक्टर भाड्याचा, साऊंडवाला ओळखीचा. फिल्म सुरू झाली, बासरी मस्त ऐकू येतेय, पक्षी ऐकू येतायत, आणि पडद्यावर आजी बोलायला लागल्या तर नुसते ओठ हलतायत, आवाजच नाही! म्हणजे अगदी नाही असं नाही, विहिरीच्या तळातून कुणी पुटपुटावं तसं काहीतरी. मागून लोक ओरडतायत आवाज वाढवा, साऊंडवाला दादा फेडर वर ढकलतोय, तर बासरी कान फाडतेय आणि आजी तशाच मुक्या. लॅपटॉपला हेडफोन लावला की सगळं बरोबर. वीस मिनिटं गेली शोधण्यात. फाईल ठीक होती, दोष एका केबलचा होता, तो काय ते खाली नीट सांगतो.

तेव्हापासून मी शोच्या आधी तीन गोष्टी करतो: हॉलसाठी वेगळी फाईल काढतो, एक मिनिटाची टेस्ट फाईल बनवतो, आणि पेनड्राइव्हवर दोन-तीन पर्यायी कॉप्या ठेवतो. फिल्म एडिट होऊन लॉक झालीय असं धरून पुढचं लिहितोय.

प्रोजेक्टर खरा किती पिक्सेलचा, ते आधी विचारा

भाड्याने देणारा सांगतो "फुल एचडी आहे". त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की त्याला फुल एचडी सिग्नल दिला तर तो घेतो, दाखवतो मात्र स्वतःच्या पिक्सेलमध्येच. त्याच्याकडून मॉडेल नंबर घ्या, प्रोजेक्टरच्या पोटाखाली स्टिकरवर असतो, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात Native Resolution समोर काय लिहिलंय ते बघा, Supported Resolution समोरचा आकडा सोडून द्या. हॉलमध्ये, शाळांमध्ये अजूनही १०२४ बाय ७६८ चे खूप प्रोजेक्टर आहेत, जरा नवे असतील तर १२८० बाय ८००, आणि नशीब चांगलं असेल तर १९२० बाय १०८०.

आता हे कळून करायचं काय? फाईल लहान करायची नाही, फाईल १९२० बाय १०८० चीच काढायची, लॅपटॉप ती आपोआप बसवतो. फोर-के तर अजिबात नेऊ नका, पडद्यावर फरक काही दिसणार नाही आणि जुना लॅपटॉप अडखळेल ते वेगळंच. पिक्सेल माहीत असण्याचा खरा उपयोग अक्षरांसाठी आहे. १०२४ बाय ७६८ हा चौकोनी प्रोजेक्टर, आपली फिल्म रुंद, म्हणून वर-खाली काळे पट्टे येतात आणि चित्राला उंची मिळते फक्त ५७६ पिक्सेल. म्हणजे तुम्ही एडिटिंगमध्ये ३० पिक्सेल उंचीचं सबटायटल टाकलं असेल तर तिथे ते १६ पिक्सेलचं होतं. इंग्रजी अक्षर १६ पिक्सेलमध्ये कसंबसं वाचता येतं, देवनागरीत मात्र अनुस्वार गायब होतो, रफार शिरोरेघेत बुडतो, 'ष' आणि 'प' सारखेच दिसायला लागतात. आमच्या पहिल्या शोला श्रेयनामावली कुणालाच वाचता आली नाही. तेव्हापासून सबटायटल ५५-६० पिक्सेलच्या खाली नेत नाही, फॉन्ट जाड घेतो आणि अक्षरांना काळी कड देतो.

सबटायटल चित्रातच पक्के करून टाका, वेगळी फाईल ठेवू नका. वेगळी ठेवली तर दुसऱ्याच्या मशिनवर फॉन्ट नसला की चौकटी दिसतात नाहीतर जोडाक्षरं फुटतात. आणि अक्षरं कडेला चिकटवू नका, काही प्रोजेक्टर चित्राच्या चारी कडा थोड्या कापतात, म्हणून प्रत्येक बाजूने पाच टक्के जागा मोकळी सोडा.

अंधाऱ्या शॉट्सचं एक बघून घ्या. प्रोजेक्टर काळा रंग पाडूच शकत नाही, तो फक्त उजेड पाडतो, त्यामुळे पडद्यावरचा काळा म्हणजे हॉलमध्ये जेवढा अंधार असेल तेवढाच काळा. खिडकीला पडदा नसेल, दाराची फट असेल, तर विहिरीच्या आतला शॉट सपाट राखाडी होतो. माझी पद्धत अशी की घरी ट्यूबलाईट चालू ठेवायची, लॅपटॉपचा ब्राइटनेस निम्म्याखाली आणायचा आणि फिल्म बघायची, जो शॉट तिथे कळत नाही तो हॉलमध्येही कळणार नाही. तेवढ्याच शॉटचे गडद भाग थोडे उचलायचे, अख्खी फिल्म उजळत बसू नका, चेहरे पांढरेफटक पडतात.

फाईल काढताना

सेटिंग फार नाहीत. एमपी४, व्हिडिओ एच.२६४, आठ बिट, १९२० बाय १०८०, बिटरेट १२ एमबीपीएसच्या आसपास, फ्रेम रेट जो टाइमलाइनचा असेल तोच. आवाज एएसी, स्टिरिओ, ४८ किलोहर्ट्झ. बस. एच.२६५ नको, जुन्या प्रोजेक्टरवर किंवा टीव्हीवर त्याचा नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, किंवा सरळ फाईल चालत नाही म्हणून मेसेज येतो. आजकाल बरेच फोन एच.२६५ मध्येच शूट करतात, त्यामुळे "फोनवर तर चालतेय की" याला काही अर्थ नाही.

फोनचं अजून एक दुखणं म्हणजे त्याचा फ्रेम रेट स्थिर नसतो, उजेड कमी झाला की तो फ्रेम कमी करतो. एडिटिंग सॉफ्टवेअरमधून बाहेर काढलेल्या फाईलला सहसा प्रॉब्लेम येत नाही, पण फोनवरची रेकॉर्डिंग तशीच्या तशी लावणार असाल तर सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात आणि शेवटाकडे हळूहळू सुटत जातात. अशा वेळी एकदा ती ffmpeg या फुकटच्या प्रोग्राममधून काढून घ्या, कमांड लाईनवर ही ओळ टाकायची, FILM च्या जागी आपल्या फाईलचं नाव:

```
ffmpeg -i FILM.mov -r 25 -c:v libx264 -profile:v high -level 4.1 -pix_fmt yuv420p -b:v 12M -maxrate 15M -bufsize 30M -c:a aac -b:a 256k -ar 48000 -ac 2 FILM.mp4
```

रेकॉर्डिंग ३० फ्रेमची असेल तर २५ च्या जागी ३० टाका. साईजचा हिशोब सोपा आहे: बावीस मिनिटं म्हणजे १३२० सेकंद, गुणिले सेकंदाला १२ मेगाबिट म्हणजे १५८४० मेगाबिट, भागिले आठ, साधारण १९८० एमबी. म्हणजे दोन जीबी. हा आकडा पेनड्राइव्हच्या वेळी लागणार आहे.

फिल्मच्या सुरुवातीला दहा सेकंद आणि शेवटी वीस सेकंद नुसता काळा पडदा फाईलमध्येच टाकून ठेवा. सुरुवातीच्या दहा सेकंदात तुम्ही प्ले दाबता, माऊस बाजूला करता आणि दिवे बंद होतात. शेवटच्या वीस सेकंदांमुळे लोक टाळ्या वाजवत असताना पडद्यावर तुमच्या डेस्कटॉपवरचा भाच्याच्या बारशाचा फोटो येत नाही.

आवाज, इथे जास्त वेळ द्या

चित्र जरा धूसर असलं तरी लोक बघून घेतात, शब्द कळले नाहीत की पाचव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते.

पहिलं म्हणजे लेव्हल. इंटरनेटवर टाकताना लोक साधारण -१४ एलयूएफएस धरतात. एलयूएफएस म्हणजे पूर्ण फिल्मचा सरासरी आवाज कानाला किती वाटतो त्याचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. हॉलसाठी मी -१८ च्या आसपास ठेवतो आणि सगळ्यात मोठा आवाजही -२ डीबीच्या वर जाऊ देत नाही. का, तर हॉलमध्ये मिक्सर आहे, आवाज वाढवायला माणूस बसलाय, आपण फाईल गच्च भरून द्यायची गरज नाही, गच्च भरली तर मिक्सरच्या तोंडाशीच आवाज फाटतो आणि मग साऊंडवाल्याने फेडर खाली घेतला तरी तो फाटकाच, फक्त बारीक. उलट फार हळू ठेवला, -२७ वगैरे, तर तो गेन फिरवतो आणि संवादाबरोबर खरखर पण वर येते. तुमच्या फाईलचा आकडा बघायला:

```
ffmpeg -i FILM.mp4 -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी Summary येतं, त्यात I समोरचा आकडा सरासरीचा आणि Peak समोरचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लाऊडनेस मीटर असेल तर तिथेच बघा, जास्त सोपं.

दुसरं, संगीत. घरी हेडफोनवर बोलण्याखाली सुंदर वाटणारी बासरी हॉलमध्ये बोलण्यावर चढते, कारण भिंतींवरून आपटून आवाज लांबतो आणि शब्दांमधल्या फटी संगीताने भरून जातात. त्यात पंखे. त्यामुळे घरी योग्य वाटतंय त्यापेक्षा संवादाखालचं संगीत अजून तीन-चार डीबी खाली घ्या. आणि बोलणाऱ्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तिथे माणसाच्या बोलण्याचं फारसं काही नसतं, नुसती गाड्यांची घरघर आणि माईकला लागलेला वारा असतो, मोठ्या स्पीकरवर तेच गुरगुरतं.

आता ती केबल. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून डावा आणि उजवा असे दोन आवाज एकाच पिनवर येतात. साऊंडवाल्याकडे बरेचदा अशी तयार केबल असते जिच्या एका टोकाला हेडफोनची बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला एकच जाडी पिन किंवा माईकचा तीन टोचे असलेला जॅक. ती त्याने मिक्सरच्या माईकच्या चॅनलला लावली की गंमत होते. त्या चॅनलमध्ये दोन तारांवर येणाऱ्या सिग्नलमधला फरक घ्यायची सोय असते, माईकच्या लांब केबलमध्ये शिरलेला गोंगाट त्यामुळे मारला जातो. पण आपण त्या दोन तारांवर डावा आणि उजवा पाठवलाय. मिक्सर बिचारा डाव्यातून उजवा वजा करतो. संवाद दोन्हीकडे अगदी सारखा असतो, वजाबाकी शून्य. बासरी आणि पक्षी दोन्हीकडे थोडे वेगळे असतात म्हणून तेवढेच उरतात. आजींचं असं झालं होतं.

यावर बरोबर उपाय म्हणजे एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या साध्या जाड्या पिना असलेली केबल, एक डाव्याची एक उजव्याची, दोन वेगळ्या चॅनलला. ही केबल स्वतःची घ्या आणि बॅगेतून काढूच नका. साऊंडवाल्याकडे डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायची छोटी डबी, असेल तर आणखी छान, चार्जर लावल्यावर येणारा 'हूंऽऽ' आवाजही त्याने जातो. तो हूं येतोय का हे बघायला चार्जर क्षणभर काढून बघा, गेला तर कारण कळलं, शो बॅटरीवर काढता येतो. पण कुणी प्लगची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला दिला तर ऐकू नका, शॉक बसायचा.

आणि केबल मिळालीच नाही तर? तर उजवीकडे काहीच नसलेली फाईल लावायची. डाव्यातून शून्य वजा केलं तर डावा उरतोच. ही फाईल घरूनच करून न्या, चित्राला हात लागत नाही म्हणून पटकन होते:

```
ffmpeg -i FILM.mp4 -c:v copy -af "pan=stereo|c0=0.5*c0+0.5*c1|c1=0*c1" -c:a aac -b:a 256k FILM_LEFT.mp4
```

यात दोन्ही बाजू मिसळून डावीकडे येतात, उजवीकडे शांतता. भोंग्यावर आवाज एकाच बाजूने आला तरी हॉलमध्ये कुणाला काही कळत नाही, बऱ्याच ठिकाणी सगळे स्पीकर एकाच सिग्नलवर असतात.

एक मिनिटाची टेस्ट फाईल

ही घरी पंधरा मिनिटांत होते आणि हॉलमध्ये सगळं सांगते. फोनवर स्वतःच्या आवाजात तीन शब्द रेकॉर्ड करा: "डावा", "उजवा", "मधला". पहिला फक्त डाव्या चॅनलवर ठेवा, दुसरा फक्त उजव्या, तिसरा दोन्हींवर सारखा. हॉलमध्ये लावा आणि ऐका. तिन्ही ऐकू आले तर जोडणी बरोबर. "डावा" आणि "मधला" आले, "उजवा" नाही, तर एकच बाजू लागलीय, दुसरी पिन बघा. आणि "डावा" आला, "उजवा" आला, पण "मधला" गायब, तर तीच वजाबाकी चाललीय, केबल बदला किंवा LEFT वाली फाईल लावा. आमच्याकडे त्या दिवशी ही फाईल असती तर वीस सेकंदात कळलं असतं.

चित्राच्या बाजूला त्याच मिनिटात अगदी कडेने एक बारीक पांढरी चौकट टाका, चारी बाजू पडद्यावर दिसल्या नाहीत तर प्रोजेक्टर कडा कापतोय. मध्ये एक गोल काढा, अंडाकृती दिसला तर प्रोजेक्टरच्या मेनूमध्ये आस्पेक्ट चुकलाय. तुमचं सगळ्यात लहान सबटायटल टाका आणि शेवटच्या रांगेत जाऊन वाचा. आणि शेवटी फिल्ममधला सगळ्यात अंधारा शॉट आणि सगळ्यात हळू बोललेलं वाक्य.

प्रोजेक्टर तिरका ठेवला असेल आणि चित्र पतंगासारखं येत असेल तर मेनूमधून कीस्टोन ओढण्याआधी टेबलच सरकवा. कीस्टोन चित्र सरळ करतं खरं पण पिक्सेल दाबून करतं, आधीच ५७६ पिक्सेल, त्यात अजून कमी, पुन्हा अनुस्वार गेले.

पेनड्राइव्ह

पेनड्राइव्ह १६ किंवा ३२ जीबीचा घ्या आणि FAT32 मध्ये फॉरमॅट करा. विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅट निवडलं की File system समोर दिसतं. जुने प्रोजेक्टर, टीव्ही, डीव्हीडी प्लेअर FAT32 हमखास वाचतात, exFAT वाचतीलच असं नाही. FAT32 ची एकच अट, एक फाईल चार जीबीच्या आत हवी. आपली दोन जीबीची आहे म्हणून बसली. पावणेदोन तासांचं नाटक असेल तर १२ एमबीपीएसने ते साडेनऊ जीबीच्या घरात जातं, मग बिटरेट पाचवर आणला तरच चारच्या आत बसतं, किंवा मध्यंतराला तोडून दोन फाईली करा.

फाईलची नावं इंग्रजीत, छोटी, जागा न सोडता. `विहिरी फायनल नवीन (२).mp4` असं नाव प्रोजेक्टरच्या स्क्रीनवर चौकटी-चौकटी दिसतं आणि ऑपरेटर विचारतो यातली कुठली लावू. माझ्या पेनड्राइव्हवर एवढंच असतं:

```
01_TEST.mp4
02_VIHIR.mp4
03_VIHIR_LEFT.mp4
```

जुनी व्हर्जन, लग्नाचे फोटो, सॉफ्टवेअर सगळं काढून टाका. मॅकवरून कॉपी केलं तर `._02_VIHIR.mp4` अशा लपलेल्या भुताटकी फाईली सोबत येतात, मॅकवर दिसत नाहीत, प्रोजेक्टरवर दिसतात आणि त्या लावल्या की काहीच चालत नाही. विंडोजवर एकदा उघडून त्या डिलीट करा. कॉपी झाल्यावर Eject करूनच काढा, कॉपीची पट्टी संपली तरी लिहिणं मागे चालू असू शकतं, अशी फाईल बाराव्या मिनिटाला अडकते. म्हणून परत लावून शेवटची दोन मिनिटं चालवून बघा. सुरुवात सगळेच बघतात.

प्रोजेक्टरलाच पेनड्राइव्ह लावायचा मोह टाळा. त्याच्या यूएसबीच्या भोकातून काही प्रोजेक्टर फक्त फोटो दाखवतात, काहींचं भोक वायफायच्या डोंगलसाठी असतं, आणि व्हिडिओ चालला तरी आवाज त्याच्या पोटातल्या डबीएवढ्या स्पीकरमधून येतो. लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल हाच रस्ता, आणि फिल्म पेनड्राइव्हवरून न चालवता आधी लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर कॉपी करा, कुणाचा तरी धक्का लागतोच.

शोच्या दिवशी

निदान एक तास आधी पोचा. Windows + P दाबून Duplicate निवडा. एचडीएमआय लावताक्षणी विंडोज आवाज प्रोजेक्टरकडे पाठवायला लागतं, त्यामुळे मिक्सरला काहीच जात नाही आणि सगळे केबलवर संशय घेत बसतात, खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आऊटपुट परत हेडफोन करा. लॅपटॉप झोपी जाणं बंद, स्क्रीन सेव्हर बंद, वायफाय बंद, फोन जोडलेला असेल तर तोडा. व्हीएलसीमध्ये आवाज १०० वरच ठेवा, १२५ केला की इथेच फाटतो, बाकीचं मिक्सरवर. लूप बंद आहे ना बघा.

मग 01_TEST लावा, स्वतः मागच्या रांगेत जाऊन बसा, तिथून हाताने खूण करून साऊंडवाल्याला लेव्हल सांगा. सगळ्यात हळू वाक्य पंखे चालू असताना मागे कळलं पाहिजे, तिथे फेडरला चिकटपट्टीची खूण करून घ्या. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, माणसं भरली की कपडे-अंगं तो शोषून घेतात आणि कुजबूजही वाढते, म्हणून शोच्या वेळी खुणेच्या किंचित वर, दोन-तीन डीबी. हे दादाला आधीच सांगून ठेवा, आणि हेही की माईकचे चॅनल फिल्म चालू असताना म्यूट कर, नाहीतर प्रमुख पाहुण्यांच्या टेबलावरचा माईक अख्खा हॉल ऐकत बसतो आणि मध्येच शिट्टी मारतो.

टेस्ट झाल्यावर केबलींना हात लावायचा नाही. सूत्रसंचालकाला पार्श्वसंगीत वाजवायचंय म्हणून तुमची पिन काढून त्याचा मोबाईल लावतील, त्याला वेगळा चॅनल द्यायला सांगा. तरी लावलाच, तर फिल्मच्या आधी 01_TEST चे ते तीन शब्द हळू आवाजात परत एकदा वाजवून घ्या. लोक वळून बघतात, बघू देत.